मागच्या बॅचचंच पेज का अडकायचं: लाइव्ह रँक, गुणांचे पट्टे आणि सबट्री काउंटची एक केस

## पार्श्वभूमी

स्पर्धा परीक्षांची ऑनलाइन टेस्ट सिरीज चालवणारी एक संस्था आहे, नाव-गाव मुद्दाम गाळलंय आणि आकडे गोल केलेत. सिरीजला साधारण 3 लाख 20 हजार विद्यार्थी, त्यातले बरेचसे फुकटवाले. प्रत्येक पेपर 100 प्रश्नांचा, बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीला अर्धा गुण वजा. वर्षभरातल्या सगळ्या पेपरची बेरीज करून एक एकत्र गुणवत्ता यादी लागते आणि ती लाइव्ह असते, म्हणजे पोराने पेपर सबमिट केला की लगेच त्याचा रँक दिसला पाहिजे.

डेव्हलपमेंटची टीम छोटी, तीन जणं, सगळं जावामध्ये. मी या टीममध्ये नाही, प्रकरण पेटल्यावर बाहेरून बघायला बोलावलेला माणूस. त्यामुळे खालचं बरंचसं त्यांचे लॉग, त्यांचा कोड आणि त्यांच्याशी झालेली बोलणी यावरून लिहितोय.

ऍपला दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. एक, माझा नंबर कितवा. दोन, अमुक गुणांपासून तमुक गुणांपर्यंत किती जण बसलेत. दुसरा प्रश्न सरांना हवा होता, कारण कटऑफचा अंदाज बांधायला ते 20-20 गुणांचे पट्टे पाडून बघतात की गर्दी नेमकी कुठे आहे.

## अडचण

यादी मेमरीमध्ये एका `TreeSet` मध्ये ठेवलेली, टॉपर सगळ्यात आधी अशा क्रमाने. रँक काढायची ओळ अशी:

```java
int rank = board.headSet(me, false).size() + 1;
```

वाचायला एकदम छान. माझ्या पुढे असलेल्यांचा सेट घ्या, त्याचा आकार बघा, एक मिळवा. कोड रिव्ह्यूमध्ये कुणीच अडवलं नाही आणि अडवायचं कारणही दिसत नाही, कारण `TreeSet` म्हटलं की डोक्यात लॉग एन येतं आणि `size()` म्हटलं की कुठेतरी एक आकडा साठवलेला असेल तो परत येतो असंच वाटतं. अख्ख्या सेटसाठी ते खरंही आहे. पण `headSet` हा नवीन सेट नसतो, मूळ झाडावर लावलेली खिडकी असते, आणि त्या खिडकीत किती घटक दिसतायत हे झाडाला माहीतच नसतं. म्हणून `size()` विचारलं की जावा पहिल्या घटकापासून एकेक पाऊल टाकत शेवटपर्यंत चालत जातं आणि मोजतं. माझा रँक 12 असेल तर 11 पावलं. 2 लाख 90 हजार असेल तर तेवढी. पट्ट्यांसाठी `subSet(...).size()` वापरलेलं, त्याचीही तीच गत. सी-प्लस-प्लसवाल्यांनी हसू नये, `std::set` वर `std::distance` लावलं तरी हेच होतं.

एकट्याचा रँक काढायला हे काही मिलिसेकंदांचं काम, कुणाला जाणवत नव्हतं. जाणवलं ते बॅचच्या पेजवर. तिथे एका बॅचमधल्या साठेक पोरांचे रँक एकदम दाखवायचे असतात, म्हणजे ही वरची ओळ साठ वेळा चालते. आणि तक्रारी आल्या त्या फक्त फाउंडेशन बॅचकडून, मेरिट बॅचचं पेज टकाटक उघडत होतं. टीमने आधी नेटवर्कला शिव्या घातल्या, मग फोनला, कारण फाउंडेशनची पोरं गावाकडची आणि त्यांचे हँडसेट स्वस्तातले हे स्पष्टीकरण फार सोयीचं होतं. ऑफिसमध्ये टेस्टिंगला जे डेमो अकाउंट होतं त्याला सगळी उत्तरं बरोबर भरून ठेवलेली, म्हणजे ते कायम पहिल्या पाचात. त्या अकाउंटवरून काहीच स्लो दिसायचं नाही.

शेवटी लॉगमधून प्रत्येक रिक्वेस्टला लागलेला वेळ आणि त्या विद्यार्थ्याचा रँक असे दोन कॉलम शेजारी मांडले आणि ग्राफ काढला. ठिपके जवळपास सरळ रेषेत. रँक दुप्पट तर वेळ दुप्पट, आणि फाउंडेशनची पोरं यादीत मागे. असा ग्राफ दिसला की नेटवर्कला सोडून द्यायचं, कुठेतरी कुणीतरी एकेक करून मोजतंय.

निकालाच्या रात्री मग जे व्हायचं ते झालं. तासाभरात पन्नासेक हजार जणांनी रँक उघडला, सरासरी प्रत्येकामागे 1 लाख 60 हजार पावलं धरली तरी 800 कोटी पावलं होतात, आणि ती सगळी मेमरीत इकडून तिकडे उड्या मारत. सीपीयू 100 टक्क्यांवर चिकटला आणि मग मेरिट बॅचचंही पेज उघडेना. त्या रात्री मॅनेजमेंटला प्रॉब्लेम पहिल्यांदा पटला, त्याला काय करणार.

## कोणकोणते पर्याय टेबलावर होते

पहिला पर्याय डेटाबेसवर ढकलायचा: `SELECT COUNT(*) ... WHERE total > ?` आणि `total` वर इंडेक्स. टीममधल्या एकाचा यावर फार भरवसा होता, "दादा, इंडेक्स आहे ना, मग फास्टच असणार." इंडेक्स असला की सुरुवातीची जागा पटकन सापडते हे बरोबर, पण तिथून पुढे मोजायचं काम एकेक एंट्री वाचूनच होतं, कारण पोस्टग्रेस काय किंवा मायएसक्यूएल काय, त्यांच्या बी-ट्रीच्या पानांवर खाली किती एंट्री आहेत हा आकडा नसतो. ते आळशीपणामुळे नाही. एकाच वेळी चाललेल्या दोन ट्रान्झॅक्शनला वेगवेगळ्या रो दिसू शकतात, त्यामुळे सगळ्यांसाठी खरा असा एकच आकडा तिथे लिहून ठेवता येत नाही. थोडक्यात, `headSet` चाच आजार नुसता दुसऱ्या मशीनवर.

दुसरा पर्याय सॉर्ट केलेला साधा ऍरे. रँक बायनरी सर्चने, पट्टा म्हणजे दोन बायनरी सर्चची वजाबाकी. अडचण एवढीच की मध्ये कुणी घुसलं की पुढचे सगळे एकेक घर सरकवायचे. ऐकायला भयंकर वाटतं, पण सलग मेमरी सरकवणं फार स्वस्त असतं, लाख-दीड लाख रेफरन्स फार तर काही दशांश मिलिसेकंदात सरकतात. या पर्यायाबद्दल शेवटी परत बोलतो.

तिसरा फेनविक ट्री, म्हणजे ऍरेमध्येच टप्प्याटप्प्याच्या बेरजा साठवून मोजणारी रचना. फक्त एका पेपरचे गुण असते तर हाच घ्यायला हवा होता, कारण उणे 50 ते 200 मध्ये अर्ध्या-अर्ध्या गुणाची 501 घरं होतात, तिथे तर साधा ऍरेही पुरेल. पण इथे ज्यावरून क्रम लागतो ती की म्हणजे वर्षभराची बेरीज, बरोबरी झाली तर एकूण वेळ, तोही सारखा आला तर विद्यार्थ्याचा आयडी. फेनविकला सगळ्या शक्य की आधी माहीत असाव्या लागतात किंवा त्यांना आधी क्रमांक देऊन ठेवावे लागतात. इथे तर रोज नवीन की येतात.

चौथा रेडिस. त्याच्या सॉर्टेड सेटमध्ये `ZREVRANK` आणि `ZCOUNT` या दोन्ही कमांड लॉग एन मध्ये चालतात, कारण आतल्या स्किप लिस्टच्या प्रत्येक दुव्यावर हा दुवा किती घटक ओलांडतो हा आकडा लिहिलेला असतो. आपण पुढे जे करणार आहोत त्याचाच भाऊ. पण परीक्षेचा सीझन तोंडावर आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने नवीन काहीही बसवायला साफ नकार दिला. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिला असता.

म्हणून पाचवा पर्याय घेतला, स्वतःचं झाड आणि प्रत्येक नोडवर सबट्रीचा काउंट.

## मोजणी झाडात कशी बसते

प्रत्येक नोडवर की, डावा, उजवा यांच्या जोडीला एक `size`, म्हणजे या नोडसकट त्याच्या खाली एकूण किती नोड आहेत. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर "एकूण 40" अशी चिठ्ठी लावलेली असते ना, तसंच. चिठ्ठी बरोबर असेल तर गठ्ठा सोडायची गरज पडत नाही, आणि चुकीची असेल तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

नऊ गुणांचं एक छोटं झाड घेऊ, याच क्रमाने घातलेलं: 112, 95, 140, 80, 103, 128, 155, 99, 121. कंसात `size`.

```
              112 (9)
            /         \
       95 (4)          140 (4)
       /    \          /     \
   80 (1)  103 (2)  128 (2)  155 (1)
           /        /
       99 (1)   121 (1)
```

128 पेक्षा कमी किती, हे काढायचंय. वरून सुरुवात. 128 हे 112 पेक्षा मोठे, म्हणजे 112 स्वतः आणि त्याची अख्खी डावी सबट्री कमीवाल्यांत गेली, 1 अधिक 4, झाले 5, आणि आपण उजवीकडे. तिथे 140, आपण लहान, काहीच न मिळवता डावीकडे. तिथे 128 स्वतःच भेटलं, बरोबरी, तेव्हाही डावीकडे. तिथे 121, आपण मोठे, 1 मिळवा, उजवीकडे काही नाही, संपलं. उत्तर 6. यादी सरळ लिहून बघा, 80, 95, 99, 103, 112, 121, बरोबर सहा. त्या डाव्या बाजूच्या चार नोडना आपण हातही लावला नाही, सगळी गंमत तिथे आहे.

```java
int countLess(Key k) {
    int c = 0;
    Node x = root;
    while (x != null) {
        if (k.compareTo(x.key) > 0) {
            c += size(x.left) + 1;
            x = x.right;
        } else {
            x = x.left;
        }
    }
    return c;
}
```

`size(null)` शून्य देणारं छोटं फंक्शन वेगळं ठेवायचं, नाहीतर पानापानावर नल चेक लिहावा लागतो. बरोबरी झाली की बरेच लोक तिथेच थांबून डाव्या सबट्रीचा काउंट मिळवून परत येतात, तेही चालतं. पण इथे मुद्दाम बरोबरीला डावीकडे ढकललंय, त्याने वेगळी केस लिहावी लागत नाही, आणि की झाडात नसली तरी उत्तर बरोबरच येतं. 125 विचारा, तेही 6 येईल.

## पट्टा मोजताना जिथे घसरले

99 ते 128, दोन्ही धरून, किती? वर 128 पेक्षा कमी 6 आले, 99 पेक्षा कमी 2 आहेत, वजाबाकी 4. पण 128 स्वतः राहून गेला म्हणून 1 मिळवायचा, उत्तर 5. आता 100 ते 125 घ्या. 125 पेक्षा कमी 6, 100 पेक्षा कमी 3, वजाबाकी 3, आणि इथे 1 मिळवायचा नाही कारण 125 झाडात नाहीच. टीमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये सरसकट `+ 1` होता. पट्ट्यात हजारो पोरं असताना एकाने जास्त आलेलं कोण पकडणार, ते पकडलं गेलं एका रिकाम्या पट्ट्यामुळे, जिथे कुणीच नव्हतं आणि स्क्रीनवर 1 दिसत होता.

मग वरची की झाडात आहे का ते बघून 1 मिळवायचा असा पॅच आला. मी तो काढायला लावला. की तीन गोष्टींची जोडलेली असताना "140 गुण झाडात आहेत का" या प्रश्नाला धड अर्थच उरत नाही, कारण झाडात 140 नसतं, 140 गुण-इतका वेळ-हा आयडी असतं आणि 140 वाली पोरं शेकड्याने असतात. त्यापेक्षा दोन्ही टोकं एकाच फंक्शनने मोजायची आणि फक्त टोकाची की नीट निवडायची:

```java
// गुण अर्ध्या-अर्ध्या युनिटमध्ये: 120 गुण = 240
int countMarks(int loU, int hiU) {
    return countLess(Key.floor(hiU + 1)) - countLess(Key.floor(loU));
}
```

`Key.floor(u)` म्हणजे तेवढे गुण असलेल्या सगळ्यांच्या आधी बसेल अशी खोटी की. ती झाडात कधी घालायची नाही, फक्त विचारायला वापरायची. 120 ते 140 म्हणजे 240 ते 280 युनिट, म्हणून `floor(281)` पेक्षा कमी वजा `floor(240)` पेक्षा कमी. मिळवायचा-वजा करायचा एक कुठेच नाही. गुण पूर्णांकात ठेवलेत म्हणून "पुढचं युनिट" ही गोष्ट अस्तित्वात आहे, डबलमध्ये ठेवले असते तर 140 च्या पुढचा आकडा कोणता यावर वाद घालत बसलो असतो. एक तृतीयांश वजा होणाऱ्या पॅटर्नमध्ये तर अर्ध्यानेही भागत नाही, तिथे सगळं तिप्पट करून ठेवायचं, बरोबरला 6 आणि चुकीला उणे 2.

एवढं झाल्यावरही सरांचा फोन आला. "सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली तर एकूण पोरांपेक्षा कमी भरतेय, तुमचं अजून चुकतंय." झाड तपासलं, झाड बरोबर. गडबड पट्ट्यांच्या व्याख्येत होती: 101 ते 120, मग 121 ते 140. निगेटिव्हमुळे ज्यांना 120.5 पडले ते कुठल्याच पट्ट्यात नव्हते, दोन पट्ट्यांच्या फटीत पडत होते. सर वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये असेच पट्टे पाडत आलेत आणि तिथे बेरीज जुळतेय का हे कुणी बघितलंच नव्हतं. आता पट्टा म्हणजे खालचं टोक धरून, वरचं सोडून: 100 पासून 120 च्या आतपर्यंत, 120 पासून 140 च्या आतपर्यंत. लेबल थोडं विचित्र दिसतं पण बेरीज जुळते आणि वरचं फंक्शनही आणखी साधं झालं, `hiU + 1` ऐवजी नुसतं `hiU`.

रँकच्या बाबतीत असाच एक निर्णय होता. झाड गुणांच्या चढत्या क्रमाने ठेवलं, वेळ उलटा म्हणजे कमी वेळवाला वर. माझ्यापेक्षा सरस किती, हे एकूणातून वजा करून मिळतं. पण गुण आणि वेळ दोन्ही सारखे असलेल्या दोघांत आयडीमुळे एकाला 4,511 आणि दुसऱ्याला 4,512 दिसायला लागलं आणि ज्याला 4,512 दिसलं त्याने विचारलंच. आयडी हा झाडात दोघांना वेगळं ठेवण्यापुरता आहे, गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. म्हणून रँक काढताना आयडीच्या जागी शक्य तेवढा मोठा आकडा घालून विचारायचं:

```java
int rank(int u, int secs) {
    return 1 + size(root) - countLess(new Key(u, secs, Long.MAX_VALUE));
}
```

आता बरोबरीवाल्यांना एकच नंबर मिळतो आणि पुढचा नंबर रिकामा सुटतो, गुणवत्ता यादीत सुटतो तसा.

## काउंट सांभाळायची कटकट

वाचणं सोपं आहे, खरं काम `size` खरा ठेवण्यात जातं. आणि बॅलन्स न करता चालणारच नव्हतं, कारण सर्व्हर सुरू होताना डेटाबेसमधून यादी `ORDER BY` लावून येते. साध्या झाडात ती तशीच घातली की सगळे नोड एकाच बाजूला लटकतात आणि 3 लाख 20 हजार खोलीची दोरी होते, मग काउंट असून फायदा शून्य. टीमने ट्रीप घेतलं, म्हणजे प्रत्येक नोडला एक रँडम प्रायॉरिटी द्यायची आणि त्यावर रोटेशन. एवढ्या नोडना सरासरी खोली वीस-पंचवीसच्या आसपास राहते. `size` आहेच तर त्याच्यावरच बॅलन्स करणारं वेट-बॅलन्स्ड झाडही घेता आलं असतं, पण त्यातली गुणोत्तरं चुकली की झाड गुपचूप बिघडतं, आणि सीझनमध्ये ती जोखीम कुणाला नको होती.

रोटेशनमध्ये दोनच नोडची `size` बदलते, पण क्रम महत्त्वाचा. जो खाली गेला त्याची आधी काढायची, मग जो वर आला त्याची. उलटं केलं की वरचा नोड खालच्याची जुनी `size` वापरतो.

पण खरा बग दुसरीकडे सापडला. पहिल्या कोडमध्ये इन्सर्ट करताना खाली उतरता उतरताच वाटेतल्या प्रत्येक नोडवर `size++` केलेलं. नवीन की असेल तर बरोबर आहे. पण नेट अडखळलं की ऍप तीच सबमिट रिक्वेस्ट परत पाठवतं, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा येते, खाली गेल्यावर कळतं की ही तर आहेच, नोड बनत नाही, आणि वाटेतले सगळे काउंट मात्र एकाने फुगलेले राहतात. दोन-चार दिवसांत लक्षण दिसलं: यादीतल्या शेवटच्या पोराचा रँक एकूण विद्यार्थ्यांपेक्षा मोठा यायला लागला. डिलीटमध्ये याच बगचा आरसा, नसलेली की काढायला गेलं की काउंट कमी होत जातात.

उपाय साधा आहे, जाताना काही करायचंच नाही, परत वर येताना प्रत्येक नोडवर मुलांवरून नव्याने काढायचं:

```java
x.size = 1 + size(x.left) + size(x.right);
```

की सापडली असेल तर मुलांचे काउंट बदललेले नसतात आणि हीच ओळ जुनाच आकडा परत लिहिते. त्यासाठी वेगळं काही आठवून ठेवावं लागत नाही.

जोडीला एक तपासणी फंक्शन लिहिलं, अख्खं झाड फिरून प्रत्येक नोडची `size` खरी आहे का आणि क्रम चढता आहे का ते बघणारं, आणि टेस्टमध्ये हजारो रँडम इन्सर्ट-डिलीट करून दर थोड्या वेळाने `countLess` चं उत्तर साध्या लिस्टवर एकेक मोजून आलेल्या उत्तराशी ताडायचं. टेस्टमध्ये तीच की मुद्दाम दोनदा घालायची आणि नसलेली की मुद्दाम काढायची, नाहीतर वरचा बग टेस्टला कधीच दिसला नसता, कारण रँडम की सहसा परत येत नाहीत.

## उत्तरतालिका बदलली तो दिवस

स्पर्धा परीक्षावाल्यांना सांगायला नको, पेपर झाला की उत्तरतालिका, मग हरकती, मग सुधारित उत्तरतालिका. इथेही एका पेपरमधला एक प्रश्न रद्द झाला आणि दुसऱ्याचं उत्तर बदललं, म्हणजे जवळपास सगळ्यांचे गुण हलले.

गुण बदलले की जुनी की काढायची आणि नवीन घालायची. टीमने स्क्रिप्ट लिहिली ती विद्यार्थ्याच्या ऑब्जेक्टमधली बेरीज आधी बदलायची आणि मग डिलीट करायची, आणि झाडातली की त्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवत होती. म्हणजे झाडात बसलेल्या नोडचे गुण जागच्या जागी बदलले, तो आता चुकीच्या फांदीवर, शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि त्याच्या आजूबाजूच्यांचे शोधही भरकटतात. तपासणी फंक्शनने क्रम बिघडल्याचं लगेच ओरडून सांगितलं, तोवर नशिबाने हे टेस्टिंग सर्व्हरवरच होतं. मग की न बदलता येणारी केली, आणि आयडीवरून सध्याची की देणारा एक `HashMap` बाजूला ठेवला. डिलीट कायम त्या मॅपमधल्या जुन्या कीने.

त्यानंतरही एक निर्णय घाईत झाला. स्क्रिप्ट लाइव्ह झाडावर एकेक विद्यार्थी घेत चालवली, हिशोबाने अगदी बरोबर, प्रत्येक क्षणी काउंट खरे. पण अर्ध्या वाटेवर निम्म्यांचे गुण नवीन आणि निम्म्यांचे जुने, आणि त्या अवस्थेत ज्याने रँक उघडला त्याला आपण चार हजारांनी मागे गेल्याचं दिसलं. स्क्रीनशॉट व्हॉट्सऍप ग्रुपवर फिरले, क्लासला फोन सुरू झाले. दहा मिनिटांनी आकडा आपोआप ठीक झाला, पण स्क्रीनशॉट काही ठीक होत नाही.

आता पुनर्मूल्यांकन असलं की नवीन झाड शेजारी बांधतात, 3 लाख 20 हजार इन्सर्ट गुणिले पंचवीसेक पायऱ्या म्हणजे 80 लाख पायऱ्या, हे काही काम नाही. तेवढ्या वेळात आलेले सबमिशन एका रांगेत थांबवायचे, शेवटी ते नव्या झाडात घालायचे आणि मग मुळाचा रेफरन्स एका झटक्यात बदलायचा. विद्यार्थ्याला एकतर पूर्ण जुनी यादी दिसते किंवा पूर्ण नवी.

## काय साध्य झालं

रँक आणि वेळेचा तोच ग्राफ परत काढला, रेष आडवी. फाउंडेशन बॅच आणि मेरिट बॅचचं पेज सारख्याच वेळात उघडतं. पुढच्या निकालाच्या रात्री रँकमुळे सीपीयू हललाच नाही, अडकलं ते पेपरची पीडीएफ डाउनलोड, पण ते वेगळं रामायण. जास्तीची मेमरी प्रत्येक नोडला चार बाइट, म्हणजे सव्वा एमबीच्या आसपास, कुणाच्या लक्षातही आली नाही.

## परत करायचं झालं तर

माझं प्रामाणिक मत विचाराल तर या आकाराला सॉर्ट केलेल्या ऍरेने काम भागलं असतं. रोजची सबमिशन काही हजार, प्रत्येकाला एकदा सरकवणं, आणि पुनर्मूल्यांकनात अख्खा ऍरे नव्याने सॉर्ट करून बदलायचा, जे शेवटी झाडाच्या बाबतीतही तसंच करावं लागलं. सांभाळायला `size` नाही, रोटेशन नाही, वरचे निम्मे बग शक्यच नव्हते. टीम लीडचं म्हणणं वेगळं आहे, पेपरच्या शेवटच्या पाच मिनिटांत सबमिशनचा लोंढा येतो तेव्हा प्रत्येक इन्सर्टला लाखभर घरं सरकवत लॉक धरून बसणं त्याला पटत नाही, आणि विद्यार्थी वाढणारच आहेत. दोन्ही बाजूंना दम आहे. मोजून मात्र कुणीच बघितलं नव्हतं, आणि निर्णयाआधी ते अर्ध्या दिवसाचं काम होतं.

सीझन संपल्यावर रेडिस बसवायला हरकत नसावी. तिथे गुण आणि वेळ एकाच स्कोअरमध्ये कोंबावे लागतील आणि तो स्कोअर डबल असतो, म्हणजे 2 चा 53 वा घात इथपर्यंतच पूर्णांक अचूक राहतात. इथल्या बेरजांना ते पुरून उरतं, पण कोंबायचं सूत्र कागदावर आधी तपासावं.

डेमो अकाउंट आता तीन आहेत, एक वरचं, एक मधलं आणि एक सगळी उत्तरं चुकवलेलं.

सरांची नवी मागणी आलीय: 120 ते 140 गुणांच्या पट्ट्यात असलेले, आणि त्यातलेही ज्यांना पेपरला दीड तासापेक्षा कमी लागला, ते किती. या झाडाला ते जमत नाही. झाड एकाच क्रमाने लावलेलं आहे, गुणांचा पट्टा त्यात सलग येतो पण त्या पट्ट्याच्या आत वेळ विखुरलेला असतो, आणि सबट्रीच्या काउंटला त्यातले कमी वेळवाले किती हे माहीत नसतं. त्याला प्रत्येक नोडवर वेळेची वेगळी लावलेली यादी ठेवावी लागेल, म्हणजे मेमरी लॉग एन पट आणि इन्सर्ट-डिलीट बरंच महाग. सरांना हा आकडा दिवसातून एकदा मिळाला तरी चालतो असं विचारल्यावर कळलं, म्हणून सध्या तो रात्री दोनला साध्या क्वेरीने निघतो.